दुकानाच्या रांगोळी स्पर्धेची कॅप्शन: मसुदा बघून सांगाल का? (नौपाडा, ठाणे)

नौपाडा_भांडी

नमस्कार मंडळी. नौपाड्यात आमच्या काकांचं तांब्या-पितळेच्या आणि स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. दुकानाचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज मी बघतो. यंदा, म्हणजे २०२६ च्या दिवाळीत, काकांना रांगोळी स्पर्धा घ्यायची आहे. लोकांनी आपापल्या दारात रांगोळी काढायची आणि फोटो पाठवायचा. पोस्टखाली टाकायचा मजकूर असा लिहिलाय:

"दिव्यांचा सण, आनंदाचा क्षण! या दिवाळीत होऊ दे रंगांची उधळण! तुमच्यातल्या कलाकाराला आम्ही देत आहोत हक्काचं व्यासपीठ. भव्य रांगोळी स्पर्धेत सहभागी व्हा आणि जिंका आकर्षक बक्षिसे! नियम: पेज फॉलो करा, पोस्ट लाइक करा, तीन मैत्रिणींना टॅग करा. रांगोळीचा फोटो आपल्या प्रोफाइलवर टाकून आम्हाला टॅग करा. किमान ५०० रुपयांची खरेदी आवश्यक. सर्वाधिक लाइक मिळवणारी रांगोळी विजेती. शेवटची तारीख: धनत्रयोदशी."

काकांचं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. धनत्रयोदशीला लोकांची पावलं दुकानाकडे वळावीत, आणि निकालानंतर कुणी काउंटरवर भांडायला येऊ नये. पहिलं बक्षीस पितळी समईची जोडी द्यायचं पक्कं आहे. बाकी सगळं बदलता येईल, मोकळेपणाने सांगा.

ऐरोलीच्या_काकू

छान उपक्रम. दुकानासमोर जागा किती आहे? एका वेळी किती जणी बसतील? नौपाड्यात फुटपाथ अरुंद, त्यात दिवाळीची गर्दी. पाट तुम्ही देणार की आपापला आणायचा?

नौपाडा_भांडी

काकू, दुकानासमोर नाही, आपापल्या घरी काढायची आहे. फक्त फोटो पाठवायचा.

ऐरोलीच्या_काकू

अच्छा, मग बरं. तुमचा मजकूर वाचून मला ते कळलं नव्हतं. "व्यासपीठ" म्हटल्यावर वाटलं, काहीतरी मांडव वगैरे असेल.

वाशी_पेजवाली

काकूंना जे झालं तेच निम्म्या लोकांना होणार आहे, म्हणून ते आधी घेऊ. मी वाशी-नेरूळमधल्या काही दुकानांची पेजेस सांभाळते. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची सुरुवातच फक्त दिसते, साधारण सव्वाशे खुणांपर्यंत. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं आणि बहुतेक जण लावत नाहीत. मराठीत काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे आपली जागा इंग्रजीपेक्षा लवकर संपते. तुमची ती सगळी जागा "आनंदाचा क्षण" आणि "रंगांची उधळण" यात गेली. तिथे तीन गोष्टी हव्यात: काय करायचं, काय मिळेल, कधीपर्यंत.

दुसरं, टॅगचं. ज्या बायका घरच्या रांगोळीचे फोटो टाकतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं खातं खासगी असतं. खासगी खात्यावरून केलेला टॅग तुम्ही त्यांना फॉलो करत नसाल तर तुम्हाला दिसतच नाही. ती बाई निकालाची वाट बघत बसते आणि तिची रांगोळी तुमच्यापर्यंत पोचलेलीच नसते. स्टोरीत टाकला तर चोवीस तासांत तो गायब. म्हणजे "टॅग करा" हा प्रवेशाचा मार्ग होऊच शकत नाही.

आणि फेसबुकच्या नियमांत स्पष्ट आहे की "स्पर्धेत यायचं तर स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा" किंवा "मित्रांना टॅग करा" अशी अट घालता येत नाही. इन्स्टाग्राम-फेसबुकचा या स्पर्धेशी संबंध नाही, हेही मजकुरात लिहावं लागतं. एक ओळ पुरते.

कोलशेत_कट्टा

टॅग करू नका म्हणणं ठीक, पण मग पोस्ट पसरणार कशी? आणि लाइकवर निकाल लावण्यात चूक काय? जनता ठरवेल, काकांवर पक्षपाताचा आरोप येणार नाही. सगळ्यात पारदर्शक पद्धत तीच.

पांढरी_रेष

पारदर्शक दिसते, हे खरं. लाइक मोजायला कुणीही मोजू शकतं. पण मोजलं काय जातं, ते बघा. मी चित्रकला शिकवते आणि कळवा-ठाण्यात मोठ्या संकुलांच्या रांगोळी स्पर्धांचं परीक्षण केलंय. लाइकवर निकाल लावलेल्या एका स्पर्धेत पहिली आलेली रांगोळी छापा वापरून काढलेली होती. काढणाऱ्या मुलीच्या कॉलेजचा ग्रुप मोठा होता, एवढंच. दुसऱ्या नंबरवर एका बाईंची एकवीस ते अकरा ठिपक्यांची कमळं होती, मोकळ्या हाताने, एकही ओळ तुटलेली नाही. त्या पुन्हा कधी उतरल्या नाहीत. लाइक विकत मिळतात हे तर वेगळंच.

वाद टाळायचा असेल तर गुण कशाला आणि किती, हे आधीच मजकुरात छापा. मी १०० गुण असे वाटते: रेषेला ३०, रंगभरणीला ३०, मांडणी आणि प्रमाणाला २५, कल्पनेला १५. कल्पनेला मुद्दाम कमी. नाहीतर संदेश लिहिलेल्या रांगोळ्या भारी ठरतात आणि हात चांगला असलेली पारंपरिक रांगोळी मागे पडते. गुण सारखे झाले तर ज्याची रेषा सरस तो पुढे, हेही लिहून ठेवा.

आता फोटोवरून परीक्षण करायचं म्हणजे फोटोचेच नियम महत्त्वाचे. समोर उभं राहून काढलेल्या फोटोत गोल लंबगोल दिसतो, मग प्रमाणाचे गुण द्यायचे कसे? म्हणून एक फोटो बरोबर वरून, फोन जमिनीला समांतर धरून. दुसरा जवळून, रेषा दिसेल असा. दोन्ही दिवसाउजेडी आणि पणत्या लावण्याआधी. पणतीच्या उजेडात पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात, आणि फ्लॅशने रंगांचा दाणा मारला जातो.

वाशी_पेजवाली

यात एक जोडते. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक रेषा पुसट होतात. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं लिहा.

ऐरोलीच्या_काकू

फोटो लगेच काढायला सांगा हो. गेल्या दिवाळीत मी सकाळी सहाला उठून मोराची रांगोळी काढली, आमच्या सोसायटीत सामायिक पॅसेज म्हणून दहा वाजता कुणीतरी ती झाडून टाकली. कुणाचा पाय घसरेल म्हणे. फोटो काढायचा राहून गेला. आणि मोठ्या रांगोळीलाच बक्षीस देणार असाल तर आम्ही फ्लॅटवाल्यांनी काय करायचं? दारापुढे जेमतेम दोन-अडीच फूट जागा. माझ्या भावजयीकडे बंगल्याचं अंगण आहे, ती सहा फुटांची काढते.

पांढरी_रेष

काकूंचा मुद्दा नियमात यायलाच हवा. अडीच फूट बाय अडीच फूट ही कमाल मर्यादा ठेवा. ठाण्या-नवी मुंबईत बहुतेकांना तेवढंच जमतं, आणि लहान रांगोळीत हात लपत नाही.

कोलशेत_कट्टा

फोटोवरून अडीच फूट आहे की चार, ते कळणार कसं? आणि गेल्या वर्षीचा फोटो पाठवला तर? इंटरनेटवरून उचललेला पाठवला तर? या शंकांमुळेच मी लाइक म्हणत होतो. निदान लोक ओरडतात तरी, "ही माझी आहे" म्हणून.

पांढरी_रेष

याला एक साधा उपाय आहे. दुकानातून क्रमांक छापलेलं कार्ड द्या. रांगोळीच्या शेजारी जमिनीवर ते कार्ड ठेवून फोटो काढायचा. कार्ड यंदाचं, म्हणजे फोटो यंदाचा. कार्डाची लांबी सहा इंच ठेवा, मग तीच मोजपट्टी होते. पाच कार्डं शेजारी-शेजारी ठेवली की अडीच फूट, फोटोवर बोटांनी मापून बघता येतं. आणि परीक्षकांना नाव न सांगता फक्त क्रमांक दाखवा, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न बराचसा सुटतो.

कार्ड नंतर फोटोत चिकटवता येतं, ही पळवाट उरतेच. म्हणून रांगोळी अर्धी झालेली असतानाचा एक फोटोही मागवा. दोन्ही फोटोंत फरशीचा तोच सांधा, तोच डाग, त्याच जागी दिसायला हवा. उचललेल्या फोटोची अर्धी अवस्था कुणाकडे नसते.

नौपाडा_भांडी

हे फारच उपयोगी. आणि कार्डासाठी दुकानात यावं लागेल, म्हणजे काकांचंही काम झालं. मग ५०० च्या खरेदीवर कार्ड द्यावं का? नाहीतर नुसते कार्ड घेऊन जातील.

कोलशेत_कट्टा

द्या की. सोडत असेल तर खरेदीची अट बेकायदा, कारण ती लॉटरी होते. इथे परीक्षक गुण देणार, कौशल्याची स्पर्धा, त्यामुळे अट चालते.

नेरूळ_वकील

अर्धं बरोबर. नशिबावर बक्षीस आणि त्यासाठी पैसे, हे लॉटरीच्या अंगाने जातं आणि कौशल्याने ठरणारी स्पर्धा त्यातून सुटते, इथपर्यंत ठीक. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली अनुचित व्यापार प्रथेची व्याख्या वाचा, कलम २(४७). विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ, असे शब्द तिथे आहेत. म्हणजे "कौशल्य आहे म्हणून खरेदीची अट बिनधास्त" असं म्हणता येत नाही. माझा सल्ला: कार्ड मोफत द्या आणि "खरेदीची अट नाही" हे ठळक लिहा.

त्याच व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे, जी दुकानदार विसरतात. बक्षिसाची योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी लोकांना न कळवणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. जिथे जाहीर केलं तिथेच ठळकपणे निकाल द्यावा, हा त्यामागचा रोख. म्हणून निकाल कधी आणि कुठे, हे कॅप्शनमध्येच हवं. नुसतं "विजेत्यांना फोन करू" पुरेसं नाही.

वाशी_पेजवाली

माझ्या अनुभवात मोफत कार्ड घ्यायला आलेली बाई निदान पणत्या-चमचे बघून जाते. काकांना सांगा, काळजी करू नका.

आता "आकर्षक बक्षिसे" हा शब्द काढा. वस्तू आणि किंमत लिहा. "पितळी समईची जोडी, किंमत अमुक रुपये" एवढं वाचून माणूस ठरवतो की दोन तास बसायचं की नाही. दुसरं-तिसरं बक्षीस कूपन असेल तर ते कधीपर्यंत चालेल आणि त्यावर किमान खरेदी आहे का, तेही सांगा. बक्षिसापेक्षा कूपनाच्या अटींवरूनच काउंटरवर जास्त भांडणं होतात.

नौपाडा_भांडी

दुसरं बक्षीस तांब्याची कळशी, तिसरं पितळी तबक. काका म्हणतात कूपन नकोच. उत्तेजनार्थ पाच जणींना पितळी निरांजन.

शेवटच्या तारखेचं काय? काकांना धनत्रयोदशीच हवी.

पांढरी_रेष

धनत्रयोदशीला लोकांच्या चांगल्या रांगोळ्या झालेल्याच नसतात. त्या दिवशी दारात छोटी पावलं, स्वस्तिक, एवढंच. हात लावून, वेळ देऊन काढतात ती लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला. तुम्ही धनत्रयोदशीला दार बंद केलंत तर घाईत काढलेल्या रांगोळ्या येतील.

वाशी_पेजवाली

दोन तारखा वेगळ्या करा ना. कार्ड मिळण्याची शेवटची तारीख धनत्रयोदशी, फोटो पाठवण्याची पाडवा. काका खूश, रांगोळीही नीट.

पण नुसतं "पाडव्यापर्यंत" लिहू नका. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आणि पाडवा मंगळवारी १० तारखेला आहे, मध्ये एक दिवस मोकळा. कित्येकांना वाटणार, पाडवा सोमवारी. तारीख, वार आणि वेळ तिन्ही लिहा. वेळ "रात्री १२" कधीच नको, ती कुठल्या दिवसाची यावरून वाद होतो. दुकान ज्या वेळी बंद होतं ती वेळ द्या, रात्री ९ वगैरे.

ऐरोलीच्या_काकू

मी रांगोळीच्या पेनाने बारीक रेघ काढते, हात थरथरतो म्हणून. ते चालेल का? आणि ठिपक्यांचा कागद?

पांढरी_रेष

काकू, माझ्या मते दोन्ही चालायला हवं. ठिपक्यांचा कागद फक्त जागा दाखवतो, रेघ तुम्हीच ओढता. खडूने आधी आखून घेणंही चालेल. नको ते छापे, चाळणीचे साचे, स्टिकर आणि छापील रांगोळ्या, कारण त्यात आकृती आधीच तयार असते. पेनाबद्दल मात्र परीक्षकांत एकमत नाही. संस्कार भारतीच्या पद्धतीने शिकलेल्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, चिमटीतून सुटलेली रेघ आणि नळीतून आलेली रेघ एकाच गुणात मोजणं चुकीचं. मी तरी चालू ठेवेन, पण तुम्ही जे ठरवाल ते आधी लिहा.

नौपाडा_भांडी

सगळ्यांचं ऐकून नवीन मजकूर केलाय. बघा:

"रांगोळी काढा, पितळी समईची जोडी जिंका. फोटो मंगळवार १० नोव्हेंबर, रात्री ९ पर्यंत. कार्ड नौपाड्यातल्या दुकानात मोफत.

भाग कसा घ्याल? रविवार १ ते शुक्रवार ६ नोव्हेंबर (धनत्रयोदशी) या काळात दुकानातून क्रमांकाचं कार्ड घ्या. खरेदीची अट नाही. एका घराला एक कार्ड. ६ ते १० नोव्हेंबरदरम्यान आपल्या दारात रांगोळी काढा आणि कार्ड शेजारी ठेवून तीन फोटो काढा: रांगोळी अर्धी असताना, पूर्ण झाल्यावर बरोबर वरून, आणि जवळून. फोटो दिवसाउजेडी, पणत्या लावण्याआधी, फिल्टर न लावता. कार्डावरच्या व्हॉट्सअॅप नंबरवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोत माणसं आणि दारावरची पाटी नको.

रांगोळी अडीच फूट बाय अडीच फुटांच्या आत. ठिपक्यांचा कागद, खडूची आखणी आणि रांगोळी पेन चालेल. छापे, साचे, स्टिकर, छापील रांगोळी चालणार नाही. दुकानातले कर्मचारी आणि आमचे नातेवाईक भाग घेणार नाहीत.

गुण १००: रेषा ३०, रंगभरणी ३०, मांडणी आणि प्रमाण २५, कल्पना १५. गुण सारखे झाल्यास रेषेचे गुण जास्त तो पुढे. दोन परीक्षक फक्त क्रमांक बघून गुण देतील. लाइकचा निकालाशी संबंध नाही.

पहिलं बक्षीस पितळी समईची जोडी (३,००० रुपये), दुसरं तांब्याची कळशी (१,८००), तिसरं पितळी तबक (१,०००), उत्तेजनार्थ पाच जणांना पितळी निरांजन. बदली रोख मिळणार नाही. निकाल रविवार १५ नोव्हेंबरला याच पेजवर आणि दुकानाच्या दारावर, गुणांसह. बक्षीस ३० नोव्हेंबरपर्यंत कार्ड दाखवून न्या.

पाठवलेले फोटो आम्ही पेजवर कार्ड क्रमांकासह दाखवू. या स्पर्धेशी इन्स्टाग्राम किंवा फेसबुकचा संबंध नाही आणि त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी नाही."

वाशी_पेजवाली

पहिली ओळ नेमकी बसली. एक सुचवते: पोस्टचं चित्र लोक व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवतात तेव्हा कॅप्शन मागेच राहते. म्हणून चित्रावरही तीन गोष्टी छापा: कार्ड कुठे, फोटो कधीपर्यंत, पहिलं बक्षीस. आणि पोस्ट टाकल्यावर नियम बदलू नका. बदलावाच लागला तर गुपचूप दुरुस्ती करण्यापेक्षा खाली "बदल" म्हणून तारखेसह ओळ लिहा. जुनं चित्र ग्रुपमध्ये फिरतच राहणार.

पांढरी_रेष

गुणांसह निकाल देणार हे फार चांगलं. फक्त पहिल्या आठ जणांचेच गुण छापा, बाकीच्यांनी विचारले तर त्यांना वैयक्तिक सांगा. सगळ्यांसमोर शंभरातले अठ्ठावीस वाचायला कुणालाच आवडत नाही.

कोलशेत_कट्टा

फुलांच्या रांगोळीचं काय? आमच्याकडे झेंडू-शेवंतीचीच काढतात. तिला रेषेचे ३० गुण कुठून मिळणार?

पांढरी_रेष

नाही मिळणार. एकतर "फक्त रांगोळीच्या भुकटीची" असं लिहा, नाहीतर फुलांचा वेगळा गट करा. वेगळा गट म्हणजे वेगळं बक्षीस आणि वेगळी गुणांची वाटणी. एकाच गटात दोन्ही घेऊ नयेत, एवढं मी नक्की सांगेन.

ऐरोलीच्या_काकू

वेगळा गट करा हो. फुलांवर कुणी घसरत नाही, आमच्या सोसायटीत तेवढीच चालते.

नेरूळ_वकील

झेंडूवरूनही घसरतात, काकू, विशेषतः ओल्या पाकळ्यांवरून. पण सोसायटी मान्य करत असेल तर तुमच्यासाठी तोच मार्ग.

नौपाडा_भांडी

फुलांसाठी आणखी एक समई काढावी लागेल, त्यामुळे हे काकांना विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बोलतो. ते नाही म्हणाले तर "फक्त भुकटीची रांगोळी" ही ओळ मापाच्या ओळीनंतर टाकतो आणि कार्डं छपाईला देतो. पेनाची परवानगी ठेवतोय. चित्राचा मसुदा तयार झाला की इथे टाकतो.